ताजमहलचा ‘म’ कुठे जातो?

हिंदीबद्दल, आणि तिच्याबरोबर मराठीबद्दलही, एक बढाई शाळेपासून आपल्या कानावर असते. आपली लिपी शास्त्रशुद्ध आहे, जसं लिहायचं तसंच वाचायचं. इंग्रजी स्पेलिंगची यथेच्छ टिंगल करून झाली की हे वाक्य हमखास येतं. ही बढाई खरी असती तर हिंदी मोठ्याने वाचणारं यंत्र बनवणं अगदी सोपं काम ठरलं असतं. एक अक्षर घ्यायचं, त्याचा आवाज काढायचा आणि पुढच्या अक्षराकडे वळायचं. तसं यंत्र खरंच बनवलं तर ते ‘करना’ हा शब्द क, र, ना असा तीन तुकड्यांत म्हणेल, ‘नाम’ आणि ‘नामा’ यांत कानाला जेमतेम फरक ठेवेल आणि कुठल्याही हिंदी माणसाला ते ऐकवणार नाही.

अडचण ‘अ’ची आहे. देवनागरीतलं प्रत्येक उघडं व्यंजन पोटात एक अ घेऊन येतं. संस्कृतात तो अ म्हटला जातो. पुढच्या शतकांत बोलणाऱ्यांच्या तोंडून शब्दाच्या शेवटचा अ गेला, मधलेही बरेचसे गेले, पण लिहिणाऱ्यांनी ते जागच्या जागी ठेवले. म्हणून हिंदीत ‘लड़का’ लिहितात आणि ‘लड़्का’ म्हणतात. भाषाशास्त्रात या स्वराला श्वा म्हणतात आणि त्याच्या गळण्याला श्वा-लोप. आपण अकारलोप म्हणू. माणसाला तो शिकवावा लागत नाही. यंत्राला मात्र प्रत्येक व्यंजनापाशी ठरवावं लागतं की इथला अ म्हणायचा की गिळायचा. टेक्स्ट-टू-स्पीचच्या हिंदीत जे कानाला खुपतं, त्यातला मोठा वाटा या एका निर्णयाचा असतो.

शेवटच्या अचा निर्णय तसा सोपा. शब्दाच्या टोकाचा अ गिळायचा. ‘मित्र’, ‘धर्म’ अशा जोडाक्षरांनंतर तो पुसटसा उरतो एवढंच. खरा गुंता मधल्यांचा. त्यांच्यासाठी मंजरी ओहाला यांनी १९८३च्या हिंदी ध्वनिविचारावरच्या पुस्तकात जो नियम सविस्तर मांडला, तो आजही बहुतेक चर्चेचा पाया आहे. साध्या भाषेत तो असा: अ ज्या व्यंजनावर बसला आहे त्याच्या अलीकडे स्वर असेल आणि पलीकडे एकच व्यंजन व त्यानंतर पुन्हा स्वर असेल, तर मधला अ पडतो. आणि हा नियम शब्दाच्या शेवटाकडून सुरुवातीकडे लावत जायचा.

करून बघू. ‘लड़कपन’ घ्या. शेवटच्या ‘न’चा अ आधीच गेला. आता ‘प’: त्याच्या पलीकडे न् आहे पण त्यापुढे स्वर नाही, म्हणून ‘प’चा अ टिकला. मग ‘क’: अलीकडे ‘ड़’चा अ, पलीकडे ‘प’ आणि त्याचा अ, म्हणजे अट पुरी झाली आणि ‘क’चा अ पडला. आता ‘ड़’: त्याच्या पलीकडे ‘क्प’ अशी दोन व्यंजनं चिकटलेली, म्हणून तो वाचला. हाती आलं ‘लड़क्पन’. हिंदी माणूस नेमका हाच उच्चार करतो. हेच डावीकडून उजवीकडे केलं असतं तर ‘लड़्कपन’ मिळालं असतं, आणि ते चूक आहे. उजवीकडून सुरुवात करण्यामागे शहाणपण आहे: हिंदीचे ‘ना’, ‘ता’, ‘पन’, ‘दार’ हे प्रत्यय शब्दाच्या शेपटाला लागतात आणि व्यंजनाने सुरू होतात. शेवटाकडून कापत गेलं की काप बहुधा मूळ शब्द आणि प्रत्यय यांच्या सांध्यावरच पडतो. ‘चमक’ला ‘ता’ लागलं की ‘चमक्ता’, ‘समझ’ला ‘ना’ लागलं की ‘समझ्ना’.

आता हाच नियम ‘ताजमहल’ला लावा. शेवटचा ‘ल’ मोडला. ‘ह’ टिकला. मग आला ‘म’: अलीकडे ‘ज’चा अ, पलीकडे ‘ह’ आणि त्याचा अ. अट पुरी, ‘म’चा अ गेला. ‘ज’च्या पलीकडे आता ‘म्ह’ जमलंय, म्हणून ‘ज’चा अ राहिला. निकाल: ‘ताजम्हल’. नियमाने आपलं काम चोख केलं आणि शब्दाची वाट लागली.

याच वाटेने गेलात तर ‘हमसफ़र’चं ‘हमस्फ़र’ होतं, ‘असफल’चं ‘अस्फल’, ‘श्रीनगर’चं ‘श्रीन्गर’. उत्तर प्रदेशातलं मुगलसराय जंक्शन या नियमाखाली ‘मुग्लस्राय’ होतं. २०१८ मध्ये त्या स्थानकाला दीनदयाल उपाध्याय यांचं नाव दिलं गेलं, पण यंत्राची सुटका झाली नाही: ‘दीनदयाल’चं तो नियम ‘दीनद्याल’ करतो. आपल्याकडे ‘अहमदनगर’चा ‘न’ जसा गिळला जाईल तसाच ‘अहिल्यानगर’चाही. हिंदी आवाजाला मराठी नावं वाचायला दिली की ‘शेतकरी’चं ‘शेतक्री’ आणि ‘गडकरी’चं ‘गडक्री’ होण्याचा धोका याच कारणाने असतो.

वरच्या सगळ्या शब्दांत गिळला गेलेला अ कुठला आहे ते पाहा. ‘महल’चा म, ‘सफ़र’चा स, ‘सफल’चा स, ‘नगर’चा न, ‘सराय’चा स, ‘दयाल’चा द. दर वेळी जोडशब्दाच्या दुसऱ्या घटकाचं पहिलं अक्षर. हिंदीत शब्दाचं पहिलंच अक्षर व्यंजन असेल तर त्याचा अ कधीच पडत नाही, कारण त्याच्या अलीकडे स्वर नसतो. ‘महल’ एकटा असेल तर त्याच्या ‘म’ला कुणी हात लावू शकत नाही. ‘ताज’ला चिकटवला की त्याचं पहिलेपण डोळ्यांआड होतं. बोलणाऱ्याच्या मनात मात्र तो पहिलाच असतो. त्याच्यासाठी ‘अकबर’ हा एक शब्द आहे आणि ‘असफल’ हा अ लावलेला ‘सफल’ आहे, म्हणून पहिल्यात दुसरं अक्षर मोडतं आणि दुसऱ्यात मोडत नाही. कागदावर दोन्ही चार-चार अक्षरांचे, एकाच घडणीचे. ओहालांच्या नियमात शब्दातल्या सांध्याची अट होतीच. गैरसोय एवढीच की तो सांधा लिपीत कुठे लिहिलेला नसतो.

दुसरा प्रकार याहून फसवा आहे, कारण त्यात एकवचन बरोबर येतं आणि अनेकवचन चुकतं. ‘हरकत’ हा शब्द नियमाने ‘हर्कत’ होतो, ठीक. आता ‘हरकतें’. शेवटी एँ-कार आल्यामुळे ‘क’च्या पलीकडे व्यंजन आणि स्वर अशी जोडी तयार झाली. ‘क’चा अ पडला, ‘र’चा वाचला, आणि ‘हरक्तें’ असा उच्चार तयार झाला. माणूस ‘हर्कतें’ म्हणतो, कारण त्याच्या तोंडात ‘हर्कत’ आधीपासून तयार असतो आणि तो त्याला फक्त शेपूट लावतो. तीच गत ‘मतलब’वरून ‘मतलबी’ची, ‘गड़बड़’वरून ‘गड़बड़ी’ची, ‘बरतन’वरून ‘बरतनों’ची.

या प्रकारातलं सगळ्यात सुंदर उदाहरण म्हणजे ‘धड़कने’ आणि ‘धड़कनें’. ‘दिल धड़कने लगा’ यात मूळ ‘धड़क’ आहे, त्याला ‘ने’ लागलं, म्हणून ‘धड़क्ने’. ‘दिल की धड़कनें’ यात मूळ ‘धड़कन’ हे नाम आहे, म्हणून ‘धड़्कनें’. दोघांत कागदावर फरक काय? एक अनुस्वार. तो अनुस्वार अर्थातच अकारलोपासाठी लावलेला नाही, अनेकवचनासाठी लावलेला आहे. पण हुशार यंत्राला तेवढा पुरावा पुरतो. लिहिणाऱ्याने घाईत टिंब गाळलं की तोही जातो, आणि मग वाक्याचं व्याकरण उलगडल्याशिवाय उच्चार ठरवता येत नाही.

म्हणून यंत्राला हिंदी ‘येत नाही’ असं म्हणून हात झटकणं मला पटत नाही. यंत्राला अक्षरं दिसतात, सांधे दिसत नाहीत. आपण दोन्ही पाहतो आणि दोन्ही लिहिलेलेच आहेत असं समजतो. ‘जसं लिहितो तसं वाचतो’ ही बढाई त्या गैरसमजातून येते.

यावर यंत्र बनवणाऱ्यांनी बरेच उपाय केले आहेत. शब्दांच्या याद्या करून अपवाद नोंदवले. शब्द फोडून सांधा शोधणारे प्रोग्रॅम लिहिले. खरगपूरच्या आयआयटीत मोनोजित चौधरी, अनुपम बसू आणि सुदेष्णा सरकार यांनी या प्रश्नाकडे भाषेच्या इतिहासाच्या अंगाने पाहिलं: अकार गळतात ते शब्दातले उच्चारखंड कमी व्हावेत म्हणून, असं धरून त्यांनी नियम बसवला. २०२० मध्ये आर्यमन अरोरा, ल्यूक गेस्लर आणि नेथन श्नायडर यांनी कोशातल्या उच्चारांवरून संगणकालाच निर्णय शिकू दिला आणि शंभरातले सुमारे ९८ अकार बरोबर आले. आकडा खरोखर चांगला आहे. पण कोशात नोंद ‘हरकत’ची असते, ‘हरकतें’ची नव्हे, आणि उल्हासनगर किंवा मुगलसराय कोशात शोधायला कुणी जात नाही. नावं आणि रूपं त्या आकड्यात फारशी येतच नाहीत, आणि मजकूर बोलून दाखवायची वेळ जास्त करून नावांवरच येते: पत्ता, स्थानक, ग्राहकाचं आडनाव, औषध.

अलीकडचे न्यूरल आवाज वेगळ्या वाटेने जातात. ते तासन्‌तासांच्या ध्वनिमुद्रणातून अक्षर आणि आवाज यांचा संबंध थेट शिकतात. नियम कुणी लिहून देत नाही. ओळखीचे शब्द ते इतके सहज म्हणतात की ‘ताजमहल’ त्यांच्याकडून चुकणं अवघडच. अनोळखी शब्दापाशी मात्र ते अंदाज बांधतात, आणि अंदाज कधीकधी वाक्यागणिक बदलतो. जुन्या यंत्राची चूक निदान भरवशाची होती. एकदा पकडली की कायमची दुरुस्त करता येत होती.

यंत्र आपल्या हातात नसतं, मजकूर असतो. म्हणून लेखनाने हे किती सुधारता येतं हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आणि इथे हिंदीच्या देवनागरीचा एक एकांगीपणा समोर येतो. तिच्यात अ मारायचं चिन्ह आहे. अ राखायचं नाही. व्यंजनाचा पाय मोडला की अ संपला, याबद्दल कुणाला शंका नाही. पण ‘हा अ म्हणाच’ असं सांगायला काहीही नाही. मोकळं व्यंजन म्हणजे ‘असेल किंवा नसेल’. काना दिला तर स्वरच बदलतो.

तरीही मारून राखता येतं. नियमाच्या अटीतच ती वाट आहे: चिकटलेल्या दोन व्यंजनांच्या शेजारचा अ पडत नाही. तेव्हा जो अ जायलाच हवा त्याचा पाय आपण स्वतः मोडायचा. शेजारचा आपोआप वाचतो. ‘हर्कतें’ लिहा: ‘क’च्या अलीकडे आता स्वर नाही, ‘र्’ आहे, म्हणून ‘क’चा अ सुरक्षित. ‘मत्लबी’ लिहा, ‘ल’ वाचला. ‘शेत्करी’ लिहा, ‘क’ वाचला. ‘धड़्कनें’ आणि ‘धड़क्ने’ असं लिहिलं की दोन्ही जुळे वेगळे होतात. ‘हम्सफ़र’मध्येही हेच चालतं.

‘असफल’पाशी मात्र ही युक्ती हरते. तिथे मारायला शेजारी कुणी नाहीच. ‘स’च्या अलीकडे आहे तो पहिला अ, जो म्हणायचाच आहे, आणि पलीकडे ‘फ’, त्याचाही अ म्हणायचाच आहे. ‘श्रीनगर’ तसाच: ‘श्री’ची दीर्घ ई मोडता येत नाही. ‘अहिल्यानगर’ तसाच. यावरून कामाला येणारा फरक असा निघतो: जोडशब्दाचा पहिला घटक गळणाऱ्या अने संपत असेल (ताज, हम, दीन, शेत) तर तिथे पाय मोडून भागतं; पहिला घटक उच्चारल्या जाणाऱ्या स्वराने संपत असेल (अ, श्री, अहिल्या) तर लेखनात एकच उपाय उरतो, दोन घटक वेगळे लिहिणं. रिकाम्या जागेने ‘नगर’चा ‘न’ पुन्हा पहिला होतो आणि पहिल्याला कुणी हात लावत नाही.

जागा सोडण्याचीही किंमत असते. दोन शब्द केले की यंत्र दोघांना वेगळा आघात देतं, कधी मध्ये बारीकसं थांबतं. ‘ताज महल’ला ते शोभतं, हिंदीत तसं लिहिणारेही पुष्कळ आहेत. ‘अ सफल’ला अजिबात शोभत नाही, एकटा ‘अ’ यंत्र मुळाक्षर म्हटल्यासारखा ठसठशीत म्हणतं आणि अर्थच फिरतो. अशा शब्दांसाठी लेखनाचा नाद सोडून थेट उच्चार कळवावा. बहुतेक व्यावसायिक आवाज एसएसएमएल नावाच्या खुणा ओळखतात. त्यांत दोन खुणा आपल्या कामाच्या आहेत: पहिली डोळ्यासाठी एक आणि कानासाठी दुसरा मजकूर देते, दुसरी उच्चारच लिहून देते.

```xml
<sub alias="ताज महल">ताजमहल</sub>
<phoneme alphabet="ipa" ph="əsəpʰəl">असफल</phoneme>
```

पहिली खूण मला अधिक आवडते, कारण तिला ध्वनिलिपी यावी लागत नाही. कॉल सेंटरसाठी किंवा घोषणांसाठी मजकूर लिहिणारा हिंदी माणूस ती न घाबरता वापरू शकतो. दुसरी सगळेच आवाज सारख्या इमानाने पाळत नाहीत; लावली की ऐकून खात्री करावी लागते.

ऐकून, असं मी म्हणतोय खरं, पण या कामात कान दगा देतात. आपल्याला शब्द माहीत असतो, म्हणून ‘ताजम्हल’ ऐकलं तरी मन ते दुरुस्त करून घेतं. त्यापेक्षा यंत्राने काय ठरवलं ते डोळ्यांनी पाहावं. ई-स्पीक एनजी हे फुकट मिळणारं, नियमांवर चालणारं इंजिन त्यासाठी उत्तम आहे. दृष्टिहीनांच्या एनव्हीडीए या स्क्रीन रीडरसोबत तेच येतं. त्याला आवाज न काढता नुसता उच्चार लिहून द्यायला सांगता येतं.

```
espeak-ng -v hi -q --ipa "हरकत"
espeak-ng -v hi -q --ipa "हरकतें"
espeak-ng -v hi -q --ipa "हर्कतें"
```

दुसरी आणि तिसरी ओळ सारखी आली तर यंत्राला शब्द येतो, काही करायची गरज नाही. वेगळी आली तर अ कुठून कुठे सरकला ते अक्षरशः समोर दिसतं. शब्दांची जोडी करून तपासणं, एकवचन आणि अनेकवचन, एकत्र आणि सुटं, हे एकेका शब्दाच्या मागे लागण्यापेक्षा कितीतरी लवकर होतं. एक बारीक सूचना: ‘महल’, ‘शहर’, ‘पहला’ यांत ‘ह’च्या शेजारचा अ हिंदीत ए-कडे झुकतो. तिथे यंत्राने वेगळं चिन्ह दाखवलं तर ती अकारलोपाची चूक समजू नका.

दुरुस्तीची यादी केली आणि ती लागूच होत नाही, असा अनुभव यात हमखास येतो. बहुतेकदा दोष नुक्त्याचा असतो. ‘ड़’ संगणकात दोन रीतींनी लिहिता येतो: एक अखंड अक्षर म्हणून (U+095C), किंवा ‘ड’ आणि त्याखाली वेगळा नुक्ता (U+0921 आणि U+093C). पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे. युनिकोडच्या नेहमीच्या प्रमाणीकरणात पहिल्याचा दुसरा होतो. तुमच्या यादीत ‘गड़बड़ी’ एका रूपात आणि मजकुरात दुसऱ्या रूपात असेल, तर यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. यादी आणि मजकूर दोन्ही आधी एकाच रूपात आणून घेतले की हा छळ संपतो.

आता आक्षेप. यंत्रासाठी माणसाने आपलं लेखन का बिघडवावं? हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. ‘हर्कतें’, ‘मत्लबी’ ही लेखनं डोळ्याला अशुद्ध आहेत आणि ती वाचकापुढे येता कामा नयेत. ती फक्त यंत्राकडे जाणाऱ्या मजकुरात असावीत. मूळ नोंदीत शिरली तर वेगळाच घोळ: ‘उल्हास नगर’ असं साठवलं की ‘उल्हासनगर’ शोधणाऱ्याला ते सापडत नाही. न्यूरल आवाजांच्या बाबतीत तर आणखी जपावं लागतं. त्यांनी ‘धड़्कनें’ असं लेखन शिकताना कधी पाहिलेलंच नसतं, आणि अपरिचित जोडाक्षरापाशी ते अडखळू शकतात. त्यांना जी लेखनं माणसं खरोखर लिहितात तीच द्यावीत.

पण राहिलेला अर्धा आक्षेप खोटा आहे, कारण हिंदी लेखनात निवडीला जागा आधीपासून आहे. केंद्रीय हिंदी निदेशालयाने प्रमाण वर्तनीच्या नियमांत काही शब्दांची दोन-दोन रूपं सारख्याच मान्यतेची ठरवली आहेत: गरमी आणि गर्मी, गरदन आणि गर्दन, बरतन आणि बर्तन, बिलकुल आणि बिल्कुल, कुरसी आणि कुर्सी, फुरसत आणि फुर्सत. छापणाऱ्याच्या दृष्टीने हा मामुली सवयीचा प्रश्न. बोलणाऱ्या यंत्राच्या दृष्टीने नाही. ‘बरतनों’ला नियम ‘बरत्नों’ करतो. ‘बर्तनों’ला तो काही करू शकत नाही, कारण ‘र्त’ आधीच चिकटलेलं आहे आणि ‘त’चा अ त्यामुळे टिकतो. ‘गरदनें’ चुकतं, ‘गर्दनें’ चुकत नाही. कुठलाही नियम न मोडता, वाचकाच्या लक्षातही न येता, इथे लेखक उच्चार नक्की करू शकतो. स्क्रीन रीडरवर वाचल्या जाणाऱ्या मजकुरात, जिथे डोळ्याचा आणि कानाचा मजकूर एकच असतो आणि मध्ये एसएसएमएल घालायला कुणी नसतं, तिथे जोडाक्षराचं रूप निवडणं हे मी आवडीवर सोडणार नाही. दृष्टिहीन वाचकासाठी तीच छपाई आहे.

संयोगचिन्हाचंही तसंच. तत्पुरुष समासात ते सहसा लावू नये, भ्रम होत असेल तरच लावावं, असा निदेशालयाचा कल आहे. तिथे भ्रम म्हणजे डोळ्याचा भ्रम. कानाचा भ्रमही त्यात धरायला हरकत नसावी, निदान नव्या आणि अनोळखी जोडशब्दांत. ‘लोकसभा’ला त्याची गरज नाही, एखाद्या नव्या सरकारी योजनेच्या चार शब्द चिकटवलेल्या नावाला आहे. अशी नावं ठेवणारे ती एकदा तरी यंत्राकडून वाचून घेत असतील असं वाटत नाही.

मराठीने यातला एक कोपरा आपल्यापुरता सोडवला आहे. ‘केलं’, ‘बरं’, ‘घरं’ यांतला अनुस्वार नाकात म्हणायचा नसतोच. शेवटचा अ म्हणा, लांबवून म्हणा, एवढंच तो सांगतो. म्हणजे अ राखायचं चिन्ह, शब्दाच्या टोकापुरतं का होईना, आपल्याकडे आहे. हिंदी आवाजाला मराठी मजकूर वाचायला दिला की तो नेमका इथे उताणा पडतो, अनुस्वार इमानाने म्हणतो आणि ‘केलं’चं ‘केलन्’ करतो. मराठी वाक्य हिंदी आवाजाकडून वाचून घेण्याची काटकसर करणाऱ्यांना हे ऐकू येत नाही की चालतं, ते त्यांनाच ठाऊक. शब्दाच्या मधल्या अपुरतं मात्र मराठीही हिंदीइतकीच मुकी आहे. ‘हरकती’ आपण हिंदीसारख्याच हर्कत करून म्हणतो आणि हिंदीसारख्याच मोकळ्या लिहितो.

गावांच्या, स्थानकांच्या, माणसांच्या नावांसाठी मला वाटतं उपाय अगदी रुक्ष आहे. नावांच्या कुठल्याही सरकारी किंवा खासगी तक्त्यात देवनागरी नावाचा रकाना असतोच. त्याच्या शेजारी उच्चारासाठी आणखी एक असावा. पहिल्यात ‘उल्हासनगर’, दुसऱ्यात ‘उल्हास नगर’. पहिल्यात ‘शेतकरी’, दुसऱ्यात ‘शेत्करी’. पहिला छापायला आणि शोधायला, दुसरा फक्त यंत्राला. दुसरा रकाना भरायला भाषाशास्त्रज्ञ लागत नाही. त्या गावचा, नाव रोज घेणारा कुणीही तो भरू शकतो. बहुतेक ओळींत तो रिकामाच राहील, कारण बहुतेक नावं यंत्र बरोबरच म्हणतं. भरायचा तो जिथे जोडशब्दाच्या दुसऱ्या घटकाचं पहिलं अक्षर उघडं आहे तिथे, आणि तसं अक्षर ‘नगर’, ‘महल’, ‘सराय’, ‘दयाल’ अशा मोजक्या शेपटांवरून शोधून काढता येतं.